चिखल्या : पायाच्या बोटांतील बुरशी आणि तिचा घरातील फैलाव

रोहिणी-मृगात पेरलेला भाताचा तरवा आषाढात लावणीस येतो आणि तेव्हापासून कोकणातील शेतकऱ्याचे पाय महिना-दीड महिना कोरडे असे राहत नाहीत. चिखलणी, तरवा काढणे, लावणी, बांधबंदिस्ती ही सर्व कामे पाण्यात उभे राहूनच करावी लागतात. संध्याकाळी पाय धुऊन पाहिले असता बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी, मऊ व सुरकुतलेली दिसते. पुढे तिचे पापुद्रे निघतात, खाज सुटते, काही वेळा भेग पडून चालणेही कठीण होते. यालाच गावोगावी 'चिखल्या झाल्या' असे म्हणतात. नाव चिखलावरून पडलेले असल्यामुळे हा सारा चिखलाचाच दोष आहे, चिखल संपला की तोही संपेल, अशी समजूत दृढ झालेली आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. कित्येकांच्या चिखल्या लावणी संपल्यावर आठ-दहा दिवसांत आपोआप बऱ्या होतात. परंतु कित्येकांच्या पायांवर त्या दिवाळीपर्यंत टिकतात, उन्हाळ्यात नुसता कोंडा पडल्यासारख्या दबून राहतात आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा उठतात. या दुसऱ्या प्रकारात चिखल हे केवळ निमित्त असते. मूळ कारण एक बुरशी असून ती एका माणसाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर जाते. इंग्रजी वैद्यकात या रोगाला 'अ‍ॅथलीट्स फूट', म्हणजे खेळाडूंचा पाय, असे नाव आहे. एकाच स्नानगृहात अनवाणी वावरणाऱ्या खेळाडूंमध्ये तो विशेष दिसून आला, म्हणून ते नाव पडले. भातशेती करणाऱ्या घरात त्या स्नानगृहाची जागा न्हाणी, पायपुसणे आणि सामाईक गमबूट हे घेतात.

पाण्याच्या चिखल्या व बुरशीच्या चिखल्या

दोन्ही प्रकार प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. परंतु लक्षपूर्वक पाहिल्यास बहुतेक वेळा त्यांतील फरक ओळखता येतो. नुसत्या पाण्यामुळे झालेल्या चिखल्या दोन्ही पायांवर जवळजवळ सारख्या असतात. सर्वच बेचकी पांढरी पडतात, तळवाही सुरकुततो आणि खाजेपेक्षा चुरचुर व हुळहुळेपणा अधिक असतो. पाय दोन-तीन दिवस कोरडे राहिले की कातडी सावरू लागते.

बुरशीच्या चिखल्या बहुधा करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांमधील बेचक्यात सुरू होतात. पायाच्या सर्व बेचक्यांत हे सर्वांत अरुंद असते. तेथे बोटे एकमेकांना चिकटून राहतात, वारा शिरत नाही आणि ओल टिकते. पुष्कळदा एकच पाय आधी बिघडतो. खाज हे मुख्य लक्षण असून पाय वहाणेतून अगर बुटातून मोकळा केल्यावर ती विशेष जाणवते. बेचक्यातील कातडीचे पापुद्रे निघतात व ही सोलवट बोटांच्या खालच्या बाजूस आणि तळव्याकडे सरकत जाते. लावणी संपून पंधरा दिवस लोटले, पाय कोरडे राहू लागले, तरीही एका बेचक्यातून पापुद्रे निघतच असतील, तर ती बुरशी आहे असा संशय धरण्यास हरकत नाही.

संशयाचे निराकरण करण्याची पद्धत सोपी आहे. बोथट पात्याने पापुद्र्याचा थोडा भाग खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या क्षाराने कातडीचे कण विरघळून पारदर्शक होतात व बुरशीचे तंतू मात्र धाग्यांसारखे स्पष्ट दिसतात. पिकावरील रोगाचा नमुना तपासण्याची ज्यांना सवय आहे त्यांना या रीतीचे नवल वाटणार नाही. मात्र आधीच मलम लावलेले असेल तर तंतू सापडत नाहीत. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी काय लावले, किती दिवस लावले, हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

बुरशी जगते कशावर आणि जाते कशी

माणसाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या द्रव्याचा बनलेला असून नखे व केसही त्याच द्रव्याचे असतात. चिखल्यांची बुरशी या केराटिनवर उपजीविका करते. तिच्या अनेक जाती आहेत. पायावर आढळणाऱ्या जातींत ट्रायकोफायटॉन रुब्रम ही प्रमुख होय. ही बुरशी सजीव मांसात खोलवर शिरत नाही. मृत थरातच पसरते. म्हणूनच रोग पुष्कळ दिवस राहूनही माणूस अंथरुणास खिळत नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्षही होते.

भातावरील करप्याचे बीजाणू वाऱ्यावर उडत जातात. पायाच्या बुरशीची रीत निराळी आहे. तिच्या तंतूंचे तुकडे पडून टणक कवचाचे बीजाणू बनतात व ते गळणाऱ्या कातडीच्या कणांत दडून राहतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असा कण जमिनीवर, पायपुसण्यावर, मोज्यात अथवा बुटाच्या तळाशी पडतो आणि त्यातील बीजाणू अनेक महिने जिवंत राहू शकतात. म्हणजे रोग्याच्या पायाला दुसऱ्याचा पाय लागण्याची आवश्यकता नाही. गेल्या वर्षी काढून ठेवलेला बूट यंदा पायात घालणे एवढेही पुरते.

तथापि कण लागला म्हणजे रोग झालाच असे नाही. बीजाणूला कातडीला चिकटण्यास काही तास लागतात आणि रुजून आत शिरण्यास साधारणपणे एक दिवसाची सलग ओल लागते. कोरड्या, अखंड कातडीवर तो तसाच पडून राहतो व धुण्यापुसण्यात निघून जातो. या एका दिवसाच्या अवधीत शेतकऱ्याचे बरेचसे संरक्षण सामावलेले आहे. रोज संध्याकाळी साबणाने पाय धुऊन प्रत्येक बेचके कोरडे पुसले, तर दिवसभरात लागलेले बहुतेक कण रुजण्यापूर्वीच जातात. नुसते पाय धुऊन ओल्या बेचक्यांनिशी घोंगडीत शिरले, तर उरलेल्या कणांना रात्रभराची ऊब आणि ओल आयतीच मिळते.

आता पादत्राणांचा संबंध लक्षात येईल. ट्रायकोफायटॉन रुब्रम मूळची आग्नेय आशिया व आसपासच्या उष्ण प्रदेशांतील मानली जाते. तेथे अनवाणी वावरणाऱ्या लोकांत ती अंगावरील गजकर्णाच्या रूपाने दिसे. पायाच्या बोटांत क्वचितच. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रवासी व सैनिक यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत पोहोचली, आणि तेथील बंद बुटांत तिला जणू तयार वाफा मिळाला. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफिल्ड यांनी 1908 च्या सुमारास पायावरील या रोगाचे वर्णन केले. त्यांच्या नावाचे मलम आजही औषधांच्या दुकानात मिळते. पुढे व्हिएतनामच्या युद्धात मेकाँग नदीच्या मुखाकडील भातखाचरांत दिवसचे दिवस ओले बूट व मोजे घालून हिंडणाऱ्या अमेरिकन सैनिकांना पायांच्या त्वचारोगांनी इतके जेरीस आणले की पाय वाळवण्यासाठी त्यांना पाण्याबाहेर काढून विश्रांती द्यावी लागे. खाचरातील पाण्यापेक्षा बुटात कोंडलेले पाणी अधिक घातक ठरते, असाच याचा अर्थ.

मग गमबूट टाकून द्यावा काय? मुळीच नाही. सर्पदंश, काटा, खिळा यांपासून गमबुटाने संरक्षण होते. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात दिसणारा लेप्टोस्पायरोसिस हा प्राणघातक ताप उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरील भेगांवाटे शरीरात शिरतो. तेव्हा गमबूट हवाच. पण तो आतून कोरडा आणि ज्याचा त्यालाच हवा. ज्या गमबुटात वरून पाणी शिरले आहे किंवा ज्याच्या तळाला चीर गेली आहे तो बूट पायाला पाण्यापासून वाचवीत नाही, उलट पाणी पायाशी बांधून ठेवतो.

एका घरातील पावसाळा

फैलाव कसा होतो हे समजण्यासाठी भातशेती करणारे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात पन्नाशीचा कर्ता, त्याची पत्नी, म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी आहे. थोरला मुलगा तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असून रोज नऊ-दहा तास जाड चामडी बूट घालतो. दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या पायाच्या शेवटच्या बेचक्यातून बारीक पापुद्रे निघतात. त्यात दुखणे नाही, उन्हाळ्यात खाजही नाही. त्यामुळे त्याने ते कोणाला दाखविलेले नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो आठ दिवसांची रजा घेऊन लावणीला येतो. घरात गमबुटांचे दोनच जोड आहेत. सकाळी तो एक जोड घालून चिखलणीला जातो. दुपारनंतर तोच जोड घालून वडील बांधावरचे गवत कापतात. पाऊस इतका की बूट आतून दिवसभर ओलाच राहतो. संध्याकाळी सर्वजण एकाच न्हाणीत पाय धुतात, दाराशी टाकलेल्या एकाच गोणपाटावर पाय टेकतात आणि एकाच पंचाने पाय पुसतात. मुलाच्या पायावरून सुटलेले कण या तिन्ही ठिकाणी पडत असतात. त्यांतही ओल्या गमबुटात पडलेले कण वडिलांच्या पायाशी सर्वांत अधिक वेळ चिकटून राहतात.

लावणी संपता संपता पत्नीच्या दोन्ही पायांची सर्व बेचकी पांढरी व हुळहुळी झालेली दिसतात. ती अनवाणीच खाचरात उतरली होती. वडिलांच्या उजव्या पायाच्या मात्र शेवटच्याच बेचक्यात खाज सुटली आहे. या वेळी दोघांच्याही चिखल्यांना घरातील माणसे एकच समजतात आणि दोघांनाही मेंदी लावली जाते. गणेशचतुर्थी येईपर्यंत पत्नीचे पाय स्वच्छ होतात. मेंदीचा गुण आला असे सर्वांना वाटते. वास्तविक तिचे पाय कोरडे राहू लागले म्हणून ते बरे झाले. वडिलांचे पापुद्रे तसेच चालू राहून शेजारच्या दुसऱ्या बेचक्यात पसरलेले असतात.

मग वडील बाजारात जाऊन 'खाजेचे मलम' मागून आणतात. ते लावल्यावर तिसऱ्याच दिवशी खाज थांबते, लाली जाते, आणि नळी कोनाड्यात पडते. दहा-बारा दिवसांनी खाज परत येते. पुन्हा नळी निघते. सप्टेंबरअखेर जांघेत लालसर कडेचे, मधोमध फिकट वलय उठते. अंतर्वस्त्र घालताना ते पायाच्या बोटांवरून वर ओढले जाते आणि सामाईक पंचा पायानंतर अंगाला लागतो, हे त्याचे कारण होय. त्याच पंचामुळे काही दिवसांनी मुलीच्या कमरेवर रुपयाएवढे गजकर्ण दिसू लागते.

ग्रामीण रुग्णालयात वडिलांच्या पायाचे व मुलीच्या कमरेचे खरवड तपासले जाते आणि दोन्हींत बुरशीचे तंतू सापडतात. समंजस डॉक्टर असेल तर तो तेथेच थांबत नाही. घरातील प्रत्येकाचे पाय पाहिल्याविना उपचार पुरा होत नाही, असे सांगतो. दिवाळीला मुलगा घरी येतो तेव्हा त्याचा उजवा पाय तपासल्यावर मूळ उगम उघड होतो. ज्याने कधीच तक्रार केली नाही त्याच्याच पायापासून रोग पसरला होता. तो उपचाराविना राहिला असता तर पुढील लावणीला हाच क्रम पुन्हा सुरू झाला असता. गावपातळीवरील कार्यकर्त्याने चिखल्यांचा एक रोगी पाहिला की ज्यांना खाज नाही अशांचेही पाय पाहण्याची सवय ठेवावी, ती एवढ्याचसाठी.

उपचार : खाज थांबणे आणि बुरशी मरणे

उपचारात होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे खाज थांबताच औषध बंद करणे. खाज ही बुरशीने कातडीला दिलेल्या त्रासाची खूण आहे. बुरशी थोडी दबली की खाज आधी जाते, बुरशी मागाहून. कातडीचा वरचा थर खालून नवा येऊन पूर्ण गळून जाण्यास सुमारे चार आठवडे लागतात. क्लोट्रिमॅझोलसारखे औषध मुख्यतः बुरशीची वाढ रोखून धरते. बुरशी असलेला थर गळून जाईपर्यंत ते चालू ठेवावे लागते. त्यामुळे 1 टक्का क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावतात. 2 टक्के मायकोनॅझोलचेही तसेच. टर्बिनाफिन हे औषध बुरशीला मारते. म्हणून बोटांच्या बेचक्यांतील साध्या रोगात 1 टक्का टर्बिनाफिन मलमाचा एक-दोन आठवड्यांचा उपचार बहुधा पुरा पडतो. कोणते औषध व किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. मुदत पुरी करणे मात्र रोग्याच्या हाती आहे.

येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन्ही पायांच्या बेचक्यांना व बोटांच्या खालच्या बाजूस लावण्यासाठी तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ पुरते. ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम. चार आठवड्यांस 28 ग्रॅम लागले. 15 ग्रॅमची एक नळी पंधराव्या दिवशी संपते, आणि नेमकी तेव्हा खाजही संपलेली असते. दुसरी नळी आणली जात नाही, बुरशी निम्म्यावर जिवंत राहते आणि महिन्याभरात 'औषधाला गुण नाही' असे ठरते. म्हणून आरंभीच दोन नळ्या घ्याव्यात.

मलम ओल्या कातडीवर लावू नये. पाय धुऊन, पुसून, पाच-दहा मिनिटे उघडे ठेवून मग लावावे. फक्त खाजेच्या जागी न लावता सभोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही बोटाच्या रुंदीएवढे पुढे लावावे. कारण बुरशीची कड डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. बेचके अगदी पांढरे, ओलसर व दुर्गंधीयुक्त झाले असेल तर त्यात जिवाणूही शिरलेले असतात. अशा वेळी आधी ओल हटवावी लागते. पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी करून त्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवण्याचा उपाय डॉक्टर सांगतात. रंग गुलाबीच असावा, जांभळा नव्हे. आणि खडे पूर्ण विरघळल्याशिवाय पाय घालू नये, कारण न विरघळलेल्या खड्याने कातडी भाजते. बेचक्यात स्वच्छ सुती चिंधी किंवा कापूस सैलसा ठेवल्यास बोटे अलग राहून ओल लवकर सुकते.

बाजारातील काही 'खाजेच्या' मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. क्लोबेटासॉल व बीटामेथासोन ही त्यांपैकी नावे नळीवर छापलेली असतात. स्टिरॉइडने लाली व खाज दोन-तीन दिवसांत दडपली जाते. पण त्याच वेळी कातडीची बुरशीशी झुंजण्याची शक्तीही दडपली जाते. वर सारे शांत दिसते आणि कडेने बुरशी पसरत राहते. कातडी पातळ पडते, जांघेत कायमचे पट्टे उठतात. वरील घरातील वडिलांचे असेच झाले होते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्णाची जी चिवट साथ दिसते, टर्बिनाफिनलाही दाद न देणारी बुरशी जिच्यात आढळते, तिच्या वाढीस अशा मलमांचा हातभार लागला असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून असे मलम घेऊ नये, आणि पूर्वी घेतलेली नळी घरातील दुसऱ्याला देऊ नये.

घरगुती उपायांत मेंदी तुलनेने निरुपद्रवी आहे. तिने कातडी थोडी आवळते, पण बुरशी जाईल असा भरवसा धरता येत नाही. रॉकेल आणि चुना यांनी आधीच नाजूक झालेली कातडी भाजते. सुपारीच्या बागायतदारांना एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. याच हंगामात सुपारीवरील कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते, आणि 'बुरशीवरचे औषध' म्हणून तेच, किंवा मोरचूद, पायाला लावून पाहण्याचा मोह होतो. मोरचूद व चुना हे झाडासाठी आहेत. भेगाळलेल्या कातडीवर ते जखम करतात. पिकांसाठी मिळणारे कोणतेच बुरशीनाशक माणसाच्या अंगावर वापरण्याजोगे नाही.

केव्हा थांबू नये

चिखल्यांपासून खरा धोका बुरशीचा नसून तिने उघडलेल्या भेगेचा आहे. तीतून जिवाणू आत शिरले तर पाय एकाएकी लाल, गरम व सुजलेला होतो, लाली घोट्यावर चढत जाते, जांघेत गाठ येते आणि थंडी वाजून ताप भरतो. अशा रोग्याला मलम देत न बसता त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे. मधुमेही माणसाच्या पायाला भेग पडल्याचे पुष्कळदा कळतच नाही; तेव्हा त्याने रोज पाय पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहवून घ्यावेत आणि पापुद्रे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात जेथे हत्तीरोग आहे तेथे सुजलेल्या पायाच्या बेचक्यांची निगा विशेष महत्त्वाची ठरते, कारण तापाच्या प्रत्येक झटक्यागणिक सूज वाढत जाते आणि त्या झटक्यांना वाट करून देणाऱ्या भेगा बहुधा बोटांमध्येच असतात.

नख पिवळे, जाड व ठिसूळ झाले असेल तर बुरशी नखात शिरली आहे असे समजावे. नखात ती मलमाच्या आवाक्याबाहेर राहते व बेचके बरे झाल्यावरही तेथून पुन्हा उतरते. त्यासाठी पोटात घेण्याच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या असतात.

बूट, मोजे आणि पंचा

पावसाळ्यात गमबूट एका रात्रीत वाळत नाही. घरी आल्यावर त्यातील पाणी ओतून, आतून स्वच्छ पाण्याने विसळून, आतील सुटी तळपट्टी काढून तो पडवीत खुंट्यांवर उलटा लावावा. पाणी निथळले की त्यात जुने वर्तमानपत्र चुरगाळून कोंबावे व तास-दोन तासांनी ओला कागद काढून कोरडा घालावा. कागद आतली ओल शोषतो. चुलीच्या अगदी जवळ ठेवल्यास रबर तडकते आणि मग पुढच्या दिवशी पाणी तडीतून आत येते. चुलीपासून दोन-तीन हातांवर, उबेत ठेवण्यास हरकत नाही. शक्य तेथे प्रत्येकाने दोन जोड ठेवून ते एकाआड एक दिवस वापरावेत. दोन जोडांचा खर्च झेपत नसेल तर निदान एका जोडाचा एकच धनी असावा, आणि शेतातून परतल्यावर उरलेला दिवस उघड्या पट्ट्यांच्या चपलेत काढावा.

गमबुटात मोजे घालावयाचे तर ते सुती व रोज बदललेले असावेत. कोमट पाण्यात धुतलेल्या मोज्यात बीजाणू जिवंत राहतात. 60 अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाणी हवे, म्हणजे ज्यात हात घालवत नाही इतके. उकळते पाणी बालदीत ओतून त्यात मोजे व पंचे अर्धा तास बुडवून ठेवावेत, मग नेहमीप्रमाणे धुवावेत. पायाला वेगळा पंचा व अंगाला वेगळा, आणि तोही ज्याचा त्याला. पायावर रोग असेल तोपर्यंत अंतर्वस्त्र घालण्यापूर्वी मोजे चढवावेत, म्हणजे कापड बोटांवरून घासत वर जाणार नाही. दाराशी सदैव ओले राहणारे गोणपाट पावसाळ्यात काढून टाकलेलेच बरे. त्याऐवजी पाणी निथळून जाईल अशी फरशी किंवा घासता येईल अशी फळी ठेवावी.

ऑक्टोबरमध्ये भात कापणीस येते आणि गमबूट माळ्यावर जातात. ते तसेच चिखलासह वर टाकले तर त्यांच्या तळाशी अडकलेले कातडीचे कण पुढील लावणीपर्यंत तेथेच राहतात. वर ठेवण्यापूर्वी बूट आतून साबण व ब्रशने घासून धुवावेत, जुनी तळपट्टी फेकून द्यावी आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस, तोंड उन्हाकडे करून, पूर्ण वाळवावेत. ज्याचा त्या वर्षी पाय बिघडला असेल त्याच्या बुटावर रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे जूनमध्ये घाईच्या वेळी तो दुसऱ्याच्या पायात जाणार नाही.